दुबईचा आयफोन परभणीत आला, पण बिल दिरहममध्येच

माझा मावसभाऊ 6 वर्षं दुबईत नोकरी करून परभणीला परतला. फोनवर परभणीची रेंज, खिशात इथलंच सिम, पण अ‍ॅप स्टोअर उघडलं की किंमत दिरहममध्ये. तिथे यूपीआयचा पर्याय दिसेना आणि इथल्या बँकेचं कार्ड टाकलं तर चालेना. कारण साधं आहे. अ‍ॅपल खात्याचा देश जो असेल, त्याच देशाचं कार्ड ते घेतं. सिम बदलल्याने किंवा गावी आल्याने खात्याचा देश बदलत नाही, तो आपल्याला बदलावा लागतो.

रस्ता तसा छोटा आहे. Settings उघडा, वर आपल्या नावावर टॅप करा, मग Media & Purchases आणि View Account. तिथे Country/Region आणि पुढे Change Country or Region. यादीतून India निवडा, अटी मान्य करा, पैसे भरायची पद्धत आणि पत्ता भरा. पण आम्ही बसलो तेव्हा गाडी India च्या आधीच अडली. खात्यात शिल्लक आहे आणि सबस्क्रिप्शन चालू आहे, असं फोन म्हणू लागला. हे दोन्ही आधी मिटवायचे, मगच देश बदलायला हात लावायचा.

आधी शिल्लक. त्याच्या खात्यात जुन्या गिफ्ट कार्डातले 11 दिरहम पडून होते. हे पैसे रुपयांत बदलून मिळत नाहीत. शिल्लक शून्य झाल्याशिवाय देश बदलत नाही. त्यानं 9 दिरहमचं काहीतरी घेतलं आणि 2 दिरहम उरले. आता 2 दिरहमला काय येतं? अशा वेळी दोन वाटा आहेत. दुबईच्या बँकेचं जुनं कार्ड चालू असेल तर थोडी महाग वस्तू घ्या. शिल्लक आधी वापरली जाते आणि उरलेली रक्कम कार्डातून जाते. नाहीतर अ‍ॅपल सपोर्टला सांगा, इतकी किरकोळ शिल्लक ते काढून टाकतात. म्हणूनच माझं सांगणं, परदेशातलं बँक खातं बंद करायची घाई करू नका. अ‍ॅपल खात्यावर जुनं बिल थकलेलं असेल तर तेही आधी फेडावं लागतं.

खरा गुंता सबस्क्रिप्शनचा. ते पाहायला Settings मध्ये नावावर टॅप करून Subscriptions उघडा आणि चालू असलेलं प्रत्येक रद्द करा. मावसभावानं एका भाषा शिकवणाऱ्या अ‍ॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन जुलैत रद्द केलं आणि तो निश्चिंत झाला. ऑगस्टमध्ये देश बदलायला गेला तर पुन्हा नकार. रद्द करणं म्हणजे फक्त पुढचं नूतनीकरण थांबवणं. भरलेल्या पैशांची मुदत नोव्हेंबरपर्यंत होती आणि ती संपेपर्यंत अडसर तसाच. रद्द केलेल्या सबस्क्रिप्शनखाली शेवटची तारीख दिसते, ती नीट वाचा. महिन्याचं असेल तर फार तर महिनाभर थांबावं लागतं, वर्षाचं असेल तर बसा मोजत.

परतावा मागायचा असेल तर reportaproblem.apple.com वर मागता येतो, पण मिळेलच असं नाही. त्यातही एक गंमत आहे: मूळ पैसे शिलकीतून गेले असतील तर परतावा शिलकीतच येतो, आणि शून्य केलेला आकडा पुन्हा वर. परतावा प्रलंबित असतानाही देश बदलू देत नाहीत. फॅमिली शेअरिंगमध्ये असाल तर तेही आडवं येऊ शकतं, त्यातून बाहेर पडावं लागेल.

नोव्हेंबरपर्यंत थांबायचं नसेल तर आम्ही केलं ते करा. भारताचा पत्ता देऊन नवीन अ‍ॅपल खातं काढलं, Media & Purchases मधून जुन्यातून Sign Out केलं आणि फक्त खरेदीसाठी नव्या खात्याने आत गेलो. फोटो आणि आयक्लाउड जुन्याच खात्यावर राहिले. कटकट एवढीच, की जुन्या खात्यावरून घेतलेली अ‍ॅप अपडेट करताना कधीकधी जुना पासवर्ड मागतात.

नोव्हेंबरात मुदत संपली तेव्हा जुन्या खात्याचाच देश बदलला. India निवडून पैसे भरायला UPI घेतलं, आपला यूपीआय आयडी टाकला, मग यूपीआय अ‍ॅपमध्ये आलेली विनंती मंजूर केली. पत्त्यात परभणीचा पिन 431401 आणि राज्य महाराष्ट्र. देश बदलण्याआधी एक करा: तिकडची जी अ‍ॅप इथल्या स्टोअरवर नसतील, ती आधीच उतरवून ठेवा. नंतर ती मिळत नाहीत आणि अपडेटही होत नाहीत.

अँड्रॉइडवाल्यांचं वेगळं. प्ले स्टोअरमध्ये देश वर्षातून एकदाच बदलता येतो, तोही त्या देशात प्रत्यक्ष असाल आणि तिथली पैसे भरायची पद्धत असेल तरच. जुनी शिल्लक नव्या देशात येत नाही, ती तिकडेच अडकून राहते, म्हणून ती आधी खर्चून टाका. बदल दिसायला 48 तासांपर्यंत लागू शकतात, तेवढ्यात पुन्हा खटाटोप करू नका.