पेमेंट ‘पेंडिंग’ दाखवतंय? या चुका टाळा

शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या भांडी बाजारात अण्णांनी तांब्याचं घंगाळ घेतलं. ३,४५० रुपये. क्यूआर स्कॅन केला, पिन टाकला. स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं आणि शेवटी ‘पेंडिंग’ आलं. दुकानाचा स्पीकर बोललाच नाही. दुकानदार म्हणाले, “काका, परत मारून बघा.”

पहिली चूक इथेच होते. ‘पेंडिंग’ म्हणजे ‘फेल’ नव्हे. पिन टाकल्यावर आधी आपली बँक खात्यातून रक्कम वजा करते, मग दुकानदाराच्या बाजूच्या बँकेकडे ‘एवढे जमा करा’ असा निरोप जातो. त्या बँकेचं उत्तर वेळेत आलं नाही, तर पैसे पोचले की नाही हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. अशा वेळी दुसऱ्यांदा पिन टाकला आणि पहिला व्यवहारही नंतर पूर्ण झाला, तर दोनदा पैसे जातात. मग एक रक्कम परत करणं दुकानदाराच्या मर्जीवर राहतं, कारण बँकेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार यशस्वी असतात.

अण्णांनी मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “अण्णा, आता काही करू नका. त्यांना सांगा, घंगाळ तुमच्याकडेच राहू द्या. मी घरी येते, मग बघू.”

घरी आल्यावर अण्णांचं म्हणणं, “बँकेचा मेसेज आलेला नाही, म्हणजे पैसे गेलेच नसणार.” ही दुसरी चूक. मेसेज उशिरा येतो, कधी येतच नाही. नुसत्या शिलकीवरूनही फसगत होते, कारण त्याच दिवशी पेन्शन किंवा व्याज जमा झालेलं असू शकतं. मुलीने बँकेच्या अ‍ॅपमध्ये खात्याचा उतारा उघडला. ३,४५० रुपये नावे पडले होते आणि त्या नोंदीत १२ अंकी क्रमांक होता.

हाच तो यूटीआर. पैशाचा माग काढायचा तो याच्यावरून. अण्णांनी दुकानदारांना नुसता स्क्रीनशॉट पाठवला होता आणि त्यात अ‍ॅपचा स्वतःचा लांबलचक क्रमांक दिसत होता. तो त्या अ‍ॅपपुरताच उपयोगी. बँका आपसात पडताळणी करतात ती १२ अंकी क्रमांकावरून, म्हणून मुलीने तो कागदावर लिहून घेतला, शेजारी तारीख, वेळ आणि रक्कम. मग दुकानदारांना फोन केला: “स्पीकरवर जाऊ नका, तुमच्या अ‍ॅपच्या इतिहासात आजच्या तारखेला हा क्रमांक दिसतो का बघा.” नव्हता. म्हणजे रक्कम अण्णांच्या खात्यातून निघाली होती, पण दुकानापर्यंत पोचली नव्हती.

एवढ्यात अण्णांनी इंटरनेटवर अ‍ॅपचा ‘कस्टमर केअर’ नंबर शोधून काढला होता. मुलीने फोन हातातून घेतला. सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. अशा शोधात भामट्यांचे नंबर सर्रास सापडतात. ते स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला लावतात, नाहीतर ‘रिफंडसाठी पिन टाका’ म्हणतात. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. असा फोन करून पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावं. खरी तक्रार अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर बोट ठेवून, तिथल्या मदतीच्या पर्यायातून करायची. मुलीने तशी केली आणि तक्रार क्रमांक त्याच कागदावर टिपला.

“आता किती दिवस?” अण्णांनी विचारलं.

रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकात याचं उत्तर आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले यूपीआयचे पैसे समोर जमा झाले नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. दुकानदाराच्या व्यापारी क्यूआरवर अडकलेल्या रकमेसाठी मुदत पाच दिवसांची. दिवस कॅलेंडरचे, बँकेच्या सुट्ट्या वगळून नव्हेत. शनिवारचा व्यवहार, म्हणून अण्णांची मुदत गुरुवारपर्यंत. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची असते. दुकानात क्यूआर मालकाच्या वैयक्तिक खात्याचा असेल तर मात्र पहिली, एका दिवसाची मुदत लागू होते, म्हणून क्यूआर कोणता हे विचारून ठेवणं शहाणपणाचं.

मंगळवारी सकाळी उताऱ्यात ३,४५० रुपये परत जमा झालेले दिसले आणि अ‍ॅपमध्ये ‘पेंडिंग’चं ‘फेल’ झालं. दोन्ही पाहिल्यावरच मुलीने अण्णांना दुकानात जाऊन रोख द्यायला सांगितलं.

गुरुवार उलटला असता, तर तोच कागद घेऊन स्वतःच्या बँकेत लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. तिथे बँकेकडे आधी केलेल्या तक्रारीचा पुरावा मागतात, तेव्हा ती पोच जपून ठेवावी.