डेटाशीटवर ४६ लिहिलंय, पण ४६ काय?

व्हिस्कॉसिटी म्हणजे द्रवाचा वाहण्याला होणारा विरोध, आणि तिच्या एककांपैकी पॉइजचं पास्कल-सेकंद करणं कुणालाच जड जात नाही. १ पास्कल-सेकंद म्हणजे १० पॉइज, आणि १ सेंटीपॉइज म्हणजे बरोबर १ मिलिपास्कल-सेकंद. फक्त दशांशचिन्ह सरकवायचं. मला हे पाठ होतं, तरीही पहिल्याच कामात तोंडघशी पडलो, कारण मला करायचं होतं ते रूपांतर या जातीचं नव्हतंच.

काम साधं होतं. पाइपमधून हायड्रॉलिक तेल वाहताना दाब किती घटतो ते काढायचं. तेल आयएसओ व्हीजी ४६ ग्रेडचं. डेटाशीटवर ४०° सेल्सिअसला ४६ cSt, १०० अंशांना ६.८ cSt, आणि १५ अंशांना घनता ०.८७ किलो प्रति लिटर. मी ४६ उचलले, हजाराने भागले आणि ०.०४६ पास्कल-सेकंद म्हणून सूत्रात टाकले. वरिष्ठांनी कागद पाहून एकच विचारलं, "घनता कुठली घेतलीस?" मी घनता घेतलीच नव्हती.

इथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा रेंगाळतो. cSt म्हणजे सेंटीस्टोक्स. पॉइज सांगतो की द्रवाचे थर एकमेकांवरून सरकवायला किती जोर लागतो. स्टोक्समध्ये तोच आकडा घनतेने भागलेला असतो. एकक मांडून बघा: पॉइज म्हणजे ग्रॅम प्रति सेंटीमीटर-सेकंद, स्टोक्स म्हणजे चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद. स्टोक्समध्ये ग्रॅम उरलेलाच नाही. वस्तुमान परत आणायचं तर घनतेने गुणावंच लागतं, नुसतं दशांशचिन्ह हलवून ते येत नाही.

```
cP = cSt × घनता (g/cm³)
```

मग चूक लक्षात का येत नाही? पाण्यामुळे. २० अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळपास १ सेंटीपॉइज आणि १ सेंटीस्टोक्सही, कारण घनताच जवळपास १. प्रयोगशाळेत पाण्यावर शिकलेला माणूस दोन्ही एककं एकच समजून बाहेर पडतो. काही ऑनलाइन कन्व्हर्टरही घनता न विचारता सेंटीस्टोक्सचे सेंटीपॉइज करून देतात. अशा कन्व्हर्टरला मी हात लावत नाही, तुम्हीही लावू नका.

आणि माझी दुरुस्ती तर मूळ चुकीपेक्षा वाईट निघाली. घाईत मी ४६ ला ०.८७ ने भागलं, ५२.९ आले. तेव्हापासून उत्तर लिहिण्याआधी एक गोष्ट तपासतो: तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून त्याचा सेंटीपॉइजचा आकडा सेंटीस्टोक्सपेक्षा लहानच यायला हवा. मोठा आला तर गुणाकाराऐवजी भागाकार झालाय. पाण्याहून जड द्रवाला हे उलटं.

आता नीट करू. घनता १५ अंशांची दिली आहे, आपल्याला ४० ची हवी. अशी तेलं साधारण दर अंशाला ०.०००६५ ने हलकी होतात. २५ अंशांत ०.०१६ गेले, उरले ०.८५४. म्हणून ४६ × ०.८५४ = ३९.३ सेंटीपॉइज. म्हणजे ०.३९३ पॉइज, किंवा ०.०३९३ पास्कल-सेकंद. मी टाकलेले ०.०४६ यापेक्षा १७ टक्के जास्त होते. प्रवाह संथ, थराथराने वाहणारा असेल तर दाबातली घटही तेवढीच जास्त येते.

घनतेची दुरुस्ती केली नाही तर ४० अंशांना बिघडतं फार थोडं, जेमतेम २ टक्के. या ग्रेडमध्येच ४१.४ ते ५०.६ इतकी मुभा असते, तेव्हा त्यासाठी झोप उडवू नका. १०० अंशांना मात्र घनता ०.८१५ वर येते आणि खरं उत्तर ५.५ सेंटीपॉइज, तर ०.८७ ने ५.९. तिथे कंटाळा महागात पडतो.

एसआयमध्ये करायचं असेल तर सगळंच एसआयमध्ये करा. १ सेंटीस्टोक्स म्हणजे १ mm²/s, म्हणजे चौरस मीटरचा दशलक्षांश भाग प्रति सेकंद. ४६ ला थेट ८५४ ने, म्हणजे किलो प्रति घनमीटरमधल्या घनतेने, गुणून ३९ हजार सेंटीपॉइज काढणारे मी पाहिलेत. हा आकडा घट्ट मधालाही लाजवेल. (आणि हो, एकच असलं तरी 'स्टोक्स'च म्हणायचं. ते शास्त्रज्ञाचं नाव आहे, अनेकवचन नव्हे.)

इंजिन ऑइलच्या शीटवर दोन्ही एककं शेजारी असतात: १०० अंशांचा आकडा mm²/s मध्ये आणि १५० अंशांचा, HTHS नावाचा, mPa·s मध्ये. त्या दुसऱ्या आकड्याला घनतेने भागून पहिल्याशी जुळवायला जाऊ नका. तापमान वेगळं आहेच, शिवाय ती चाचणी तेलाचे थर प्रचंड वेगाने सरकवून घेतात, आणि मल्टिग्रेड तेलातले पॉलिमर त्या वेगाला तेल तात्पुरतं पातळ होऊ देतात. तो फरक कुठल्याच घनतेने भरून निघत नाही.