पंप चालू का होत नाही: डबल कॉइल, होल्डिंग आणि सेट-रीसेट

टाकीचा पंप आहे. मॅन्युअलमध्ये स्टार्ट दाबून चालवायचा, ऑटोमध्ये पातळी खाली गेली की आपोआप. नवशिका प्रोग्रामर तिसऱ्या ओळीत मॅन्युअलसाठी `Q0.0` कॉइल टाकतो आणि नवव्या ओळीत ऑटोसाठी पुन्हा तीच कॉइल. मग स्टार्ट दाबला तरी पंप ढिम्म.

पीएलसी आधी इनपुट वाचतो, मग ओळी वरून खाली सोडवतो आणि बहुतेक पीएलसींत प्रत्यक्ष आउटपुट स्कॅनच्या शेवटीच लिहितो. तिसरी ओळ `Q0.0` मध्ये १ टाकते, नववी तिथे ० टाकते आणि टर्मिनलवर ० जातो. ओळखायची खूण अशी: स्टार्ट दाबून धरला की मॉनिटरवर तिसरी ओळ हिरवी दिसते, पाचव्या ओळीत `Q0.0` च्या कॉन्टॅक्टवर लावलेला दिवाही पेटतो, पण कॉन्टॅक्टर ओढत नाही. असं दिसलं की वायरिंग उघडण्याआधी क्रॉस-रेफरन्समध्ये `Q0.0` किती ठिकाणी लिहिलं जातंय ते मोजा.

दुरुस्तीसाठी दोन्ही ठिकाणच्या कॉइल काढून तिथे मेमरी बिट द्या: मॅन्युअलला `M0.0`, ऑटोला `M0.1`. मॅन्युअलचं होल्डिंग, म्हणजे स्टार्ट सोडल्यावरही ओळ चालू ठेवणारा समांतर कॉन्टॅक्ट, तोही `M0.0` चाच घ्या. खरी कॉइल एकदाच:

```
--[I0.0]-+-[I0.3]-[I0.1]-[I0.2]-( M0.0 )
--[M0.0]-+

--[M0.0]-+-[I0.1]-[I0.2]--------( Q0.0 )
--[M0.1]-+
```

`I0.0` स्टार्ट, `I0.1` स्टॉप, `I0.2` ओव्हरलोड, `I0.3` मॅन्युअल सिलेक्टर. स्टॉप आणि ओव्हरलोड पॅनेलमध्ये एनसी जोडलेत, म्हणून प्रोग्राममध्ये साधा कॉन्टॅक्ट. वायर तुटली तरी पंप थांबतो.

हेच सेट-रीसेटने का करू नये? चालतं, पण सेट झालेला बिट रीसेट येईपर्यंत सुटत नाही. वर स्टॉप, ओव्हरलोड आणि सिलेक्टर ओळीतच आहेत, कोणताही उघडला की होल्डिंग सुटतं. सेट-रीसेटमध्ये प्रत्येकाला रीसेटची वेगळी वाट द्यावी लागते आणि एखादी हमखास राहते. रीसेट सेटच्या खालीच ठेवा, म्हणजे दोन्ही एकदम आले तर रीसेट जिंकतो. बिट रिटेंटिव्ह असेल तर लाइट जाऊन आल्यावर पंप आपोआप सुरू होऊ शकतो. मोटरसाठी मी होल्डिंगच वापरतो.

सेट-रीसेट मला अलार्ममध्ये आवडतो. ओव्हरलोड पडला की `M2.0` सेट, ऑपरेटरने बटण दाबलं की रीसेट. रिले मधल्या वेळात स्वतःहून पूर्ववत झाला तरी दोष दिसत राहतो. मात्र त्याच `M2.0` ची साधी कॉइल कुठेही लिहू नका. तिची ओळ खोटी असली की ती प्रत्येक स्कॅनला ० टाकते आणि अलार्म कुणी पाहण्याआधीच पुसला जातो.

इमर्जन्सी स्टॉप मात्र यातल्या कशावरही सोडू नका. त्याने हार्डवायरनेच कॉन्टॅक्टरची सप्लाय तोडली पाहिजे.