सुचवलेल्या प्रोफाइलमध्ये तो दिसला तेव्हा

ठाण्याहून ऐरोलीला जाताना लोकलमध्ये फोनवर सोशल मीडियाचं अ‍ॅप उघडलं आणि 'तुमच्या ओळखीचे' या रांगेत माझ्या आधीच्या नवऱ्याचा चेहरा आला. घटस्फोटाला 3 वर्षं झाली होती, नंबर तर मी कधीच काढून टाकला होता. पोटात धस्स झालं. तो मला शोधतोय, हेच आधी मनात आलं.

घरी आल्यावर धाकट्या भावाने समजावलं, "ताई, यावरून त्याने तुला शोधलं असं ठरत नाही. त्याच्या फोनमध्ये तुझा नंबर असला आणि त्याने कॉन्टॅक्ट अपलोड केले असले, तरी नावं जुळतात. सामायिक ओळखींमुळेही जुळतात." माझ्या नणंदेला मी अजून फॉलो करत होतेच.

नाव नुसतं फुलीने काढलं तर ते फक्त माझ्या रांगेतून जातं, त्याला मी दिसत राहू शकते. म्हणून त्याला ब्लॉक केलं. ब्लॉकची सूचना समोरच्याला जात नाही, पण त्याने शोधलं तर कळू शकतं. ते मला चालणार होतं. मग कॉन्टॅक्ट सिंक बंद केलं आणि आधी अपलोड झालेली यादी वेगळी पुसली, कारण नुसतं सिंक बंद करून ती जाईलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच रांगेत त्याच्या आत्या दिसल्या. त्यांनी मला आजारपणात सांभाळलंय. त्यांना ब्लॉक करवेना, फक्त फुली मारली. नणंदेला मात्र अजून फॉलो करते.