एकच प्रकल्प, चुकीच्या रकान्यात

सोलापुरातल्या एका लहान वास्तुविशारद कार्यालयात सव्वातीन वर्षे काम केल्यावर मी एका मोठ्या फर्मच्या जाहिरातीला अर्ज केला. जाहिरातीत तीन अटी होत्या : ऑटोकॅड आणि रेव्हिट या सॉफ्टवेअरवर वर्किंग ड्रॉइंग करता येणे, साइटवर ठेकेदार व इतर सल्लागारांशी समन्वयाचा अनुभव, आणि रुग्णालय किंवा शाळा या प्रकारचे किमान दोन पूर्ण झालेले प्रकल्प. माझ्या रेझ्युमेत तीस खाटांचे रुग्णालय सर्वांत वर, ठळक अक्षरांत होते, त्यामुळे आपले काम झालेच, असे मी धरून चाललो होतो.

मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, "या रुग्णालयाचं भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळालं?" मी गप्प राहिलो, कारण मी कार्यालय सोडले तेव्हा त्या इमारतीचा दुसरा स्लॅब नुकताच झाला होता. नकाशा मंजूर होणे, बांधकाम सुरू होणे आणि इमारत वापरात येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला माहीत होते. रेझ्युमेत मात्र मी केवळ "रुग्णालय, ३० खाटा" एवढेच लिहिले होते, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ "पूर्ण झालेले" असाच घेतला. नकार आला, तो योग्यच होता.

पाच महिन्यांनी जवळपास त्याच अटींची दुसरी जाहिरात दिसली. या वेळी मी कागदाच्या डाव्या बाजूला जाहिरातीतली एकेक अट लिहिली आणि उजव्या बाजूला फक्त तेच लिहिले, ज्याचा पुरावा मी टेबलावर ठेवू शकत होतो. तेव्हा लक्षात आले की रुग्णालय निरुपयोगी नव्हते, ते चुकीच्या रकान्यात बसले होते. पूर्ण प्रकल्प म्हणून ते चालत नव्हते, पण समन्वयाचा माझ्याजवळचा सर्वांत भक्कम पुरावा तेच होते. त्याच्या दुसऱ्या स्लॅबच्या आधी मी स्ट्रक्चरल सल्लागाराचा नकाशा आमच्या शौचालयांच्या नकाशावर ठेवून पाहिला, तर ११० मिमीचा सांडपाण्याचा पाइप थेट २३० मिमी रुंदीच्या बीमवर येत होता. कास्टिंग झाल्यावर हे कळले असते, तर बीम फोडण्याची वेळ आली असती. मी पाइपांचा शाफ्ट ३०० मिमी सरकवला, प्लंबिंग सल्लागाराची संमती घेतली, सुधारित नकाशा काढला आणि तो मिळाल्याची ठेकेदाराची सही घेतली. जुन्या रेझ्युमेत या साऱ्याची जागा "नियमित साइट व्हिजिट" या तीन शब्दांनी घेतली होती. साइटला भेट तर मालकही देतो.

पूर्ण प्रकल्पाच्या रकान्यात मात्र मला बराच वेळ काही सुचेना. शेवटी विजापूर रोडवरच्या एका शाळेचे सहा वर्गखोल्यांचे वाढीव बांधकाम आठवले. ते इतके साधे होते की रेझ्युमेत घालायची मला लाजच वाटली होती. पण त्याचे मंजुरीचे नकाशे मी काढले होते, जोत्यापासून रंगकामापर्यंत तिथे मीच जात होतो आणि त्याला भोगवटा प्रमाणपत्रही मिळाले होते. म्हणून तेच सर्वांत वर घेतले आणि कामाचा टप्पा, माझी भूमिका, पूर्ण झाल्याचे वर्ष व ज्या कार्यालयात असताना ते केले त्याचे नाव लिहिले. नकाशांचे श्रेय कार्यालयाचे आहे, हे स्पष्ट लिहिणे सभ्यपणाचे तर आहेच, शिवाय चौकशी झाली तर आपल्याच हिताचे असते. अट दोन प्रकल्पांची होती आणि माझ्याकडे एकच होता, हेही अर्जासोबतच्या पत्रात सांगून टाकले.

सॉफ्टवेअरच्या ओळीत मी पूर्वी प्रत्येक नावापुढे पाचपैकी चार तारे रंगवत असे. त्या ताऱ्यांतून काहीच कळत नाही. रेव्हिटमध्ये मी केवळ एका बंगल्याचे मॉडेल केले होते, आणि त्यातला इमारतीचा उभा छेद मॉडेलमधून काढण्याऐवजी वरून साध्या रेषांनी पुरा केला होता. मजल्याची उंची बदलली, की तो छेद जुनाच राहायचा. ही उणीव उघडी पडायला पंधरा मिनिटांची चाचणी पुरेशी असते. म्हणून मी सहा आठवडे त्याच शाळेचे मॉडेल पुन्हा केले आणि छेद व दारे-खिडक्यांचे तक्ते मॉडेलमधूनच निघतील, अशी मांडणी केली. मग रेझ्युमेत लिहिले : "ऑटोकॅड : मंजुरी व वर्किंग ड्रॉइंग, तीन वर्षे. रेव्हिट : एका पूर्ण इमारतीचे मॉडेल व तक्ते, स्वतःच्या सरावातून." वास्तुकला परिषदेचा नोंदणी क्रमांक नावाखालीच घातला, कारण १९७२च्या कायद्यानुसार त्या नोंदणीशिवाय वास्तुविशारद हे बिरुद लावता येत नाही.

दुसऱ्या मुलाखतीत शाळेबद्दल फार तर दोन मिनिटे बोलणे झाले. उरलेला अर्धा तास सुधारित नकाशाची ती सही केलेली प्रत टेबलावर होती आणि शाफ्ट ३०० मिमीच का सरकवला, २०० का नाही, यावर प्रश्न येत होते. त्यांची उत्तरे मला देता आली, कारण ते काम मी खरोखर केले होते. दुसऱ्या प्रकल्पाची उणीव त्यांनी पगार ठरवताना मोजली, आणि मी ती मान्य केली.