आयत जोडून वक्राखालचं क्षेत्रफळ काढताना या चुका टाळा

बारावीच्या वह्या तपासताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. मुलांना इंटिग्रेशनची सूत्रं पाठ असतात, पण वक्राखालचं क्षेत्रफळ बारीक आयतांच्या बेरजेने काढायला सांगितलं की ती अडखळतात. उत्तर येतं, पण ते चुकलंय हे मुलांच्या लक्षात येत नाही. साखळी, डिचोली, फोंड्याकडच्या मुलांशी बोलताना मी म्हणूनच आधी चूक पकडायचं साधन हातात देतो आणि मग बेरीज करायला लावतो.

उदाहरण साधंच घेऊ. `f(x) = x²`, आणि `x = 1` पासून `x = 3` पर्यंतचं क्षेत्रफळ हवंय. चार पट्ट्या पाडू. एकूण रुंदी 2, म्हणून प्रत्येक पट्टीची रुंदी `Δx = 2/4 = 0.5`. कडांचे बिंदू झाले 1, 1.5, 2, 2.5 आणि 3. तिथल्या उंच्या अनुक्रमे 1, 2.25, 4, 6.25 आणि 9.

प्रत्येक पट्टीच्या डाव्या कडेची उंची घेतली तर

`(1 + 2.25 + 4 + 6.25) × 0.5 = 6.75`

आणि उजव्या कडेची घेतली तर

`(2.25 + 4 + 6.25 + 9) × 0.5 = 10.75`

या भागात `x²` सतत चढत जातो. त्यामुळे डाव्या कडेचा आयत वक्राच्या खाली राहतो आणि उजव्या कडेचा वक्राच्या वर जातो. खरं क्षेत्रफळ 6.75 आणि 10.75 यांच्या मध्येच असणार. दुसरं काही करण्याआधी हे दोन आकडे वहीच्या कडेला लिहून ठेवा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

पाच उंच्या, चार पट्ट्या

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे पाचही उंच्या जोडून 0.5 ने गुणणं. तक्ता समोर असतो, त्यात पाच ओळी दिसतात आणि हात आपोआप पाचही जोडतो. उत्तर येतं 11.25. हे 10.75 च्या बाहेर गेलं, म्हणजे चूक नक्की. कुळागरात एका ओळीत पाच माड असले तर त्यांच्या मधली अंतरं चारच असतात. उंच्या बिंदूंवर मोजतो आणि आयत अंतरांवर उभे राहतात, म्हणून दोन टोकांपैकी एका टोकाची उंची सोडावीच लागते.

स्प्रेडशीटमध्ये हीच चूक आणखी सहज होते. `A2` ते `A6` मध्ये `x` आणि `B2` ते `B6` मध्ये उंच्या असतील तर बरोबर सूत्रं अशी:

```
डावी:  =SUM(B2:B5)*0.5
उजवी: =SUM(B3:B6)*0.5
```

अख्खा रकाना माउसने ओढून निवडला की `B2:B6` होतं आणि एक आयत फुकटचा वाढतो.

सुरुवात शून्यापासून नाही

दुसरी चूक बिंदूंच्या सूत्रातली. पुस्तकातली पहिली उदाहरणं बहुधा 0 पासून सुरू होतात, तिथे उजव्या कडेचा `i` वा बिंदू `iΔx` असतो. तीच सवय इथे आली की बिंदू होतात 0.5, 1, 1.5, 2 आणि बेरीज येते 3.75. हे 6.75 च्याही खाली आहे. खरं तर हे क्षेत्रफळ 0 ते 2 या भागाचं झालं, रुंदी तेवढीच पण जागा वेगळी. बरोबर सूत्र `a + iΔx`, इथे `1 + 0.5i`. तपासायला सोपं आहे: `i` च्या जागी शेवटचा आकडा, म्हणजे 4 घाला. 3 यायलाच हवेत. नाही आले तर पुढची बेरीज करू नका.

लिमिट घेताना एक कसा हरवतो

परीक्षेत पट्ट्या चार नसतात, `n` असतात, आणि शेवटी `n` अनंताकडे न्यायचा असतो. तिथली चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथून निघणारं उत्तर दिसायला अगदी नीटनेटकं असतं.

आता `Δx = 2/n`, उजवा बिंदू `1 + 2i/n`. त्याचा वर्ग केला की

`1 + 4i/n + 4i²/n²`

आता हे `i = 1` पासून `n` पर्यंत जोडायचं. `i` ची बेरीज `n(n+1)/2` आणि `i²` ची `n(n+1)(2n+1)/6` हे सगळ्यांना येतं. चुकतो तो पहिला, सगळ्यात सोपा 1. त्याच्यात `i` दिसत नाही म्हणून मुलं तो तसाच 1 ठेवतात. पण बेरजेत तो प्रत्येक पट्टीसाठी एकदा येतो, म्हणजे `n` वेळा. त्याची बेरीज 1 नाही, `n` आहे. बाहेरच्या `2/n` ने गुणलं की त्यातून 2 मिळतात.

बरोबर बेरीज अशी:

`2 + 4(n+1)/n + (4/3)(n+1)(2n+1)/n²`

`n` अनंताकडे गेला की `2 + 4 + 8/3 = 26/3`, म्हणजे सुमारे 8.67.

1 तसाच ठेवणाऱ्याला पहिल्या पदातून `2/n` मिळतं, ते लिमिटमध्ये शून्य होतं आणि उत्तर येतं `20/3`, सुमारे 6.67. छान अपूर्णांक आहे, कुणाला शंका येणार नाही. पण वहीच्या कडेला 6.75 लिहिलेले असतील तर दिसतं की उत्तर डाव्या बेरजेपेक्षाही कमी आलंय. जिथे सगळे आयत वक्राच्या खाली आहेत तिथे खरं क्षेत्रफळ त्यांच्यापेक्षा कमी असूच शकत नाही.

आणखी एक तपासणी आहे आणि ती मी नेहमी करायला लावतो. लिमिट घेण्याआधी, `n` चं सूत्र तयार झालं की त्यात `n = 4` घाला. `2 + 5 + 3.75 = 10.75`. हाताने काढलेली उजवी बेरीज हीच होती. हे जुळलं तर बीजगणित बरोबर, न जुळल्यास चूक लिमिटमध्ये शोधत बसू नका, ती आधीच झालेली आहे.

“सर, कुठलाही बिंदू चालतो ना?”

हा प्रश्न वर्गात हमखास येतो. हो, चालतो. रीमानने 1854 मध्ये मांडलेल्या व्याख्येत पट्टीतला कुठलाही बिंदू घ्यायची मुभा आहे, आणि पट्ट्या बारीक होत गेल्या की `x²` सारख्या सलग फंक्शनसाठी उत्तर एकच येतं. पण पट्ट्या चारच असताना निवडीने खूप फरक पडतो. प्रत्येक पट्टीचा मधला बिंदू घ्या: 1.25, 1.75, 2.25, 2.75. त्यांच्या वर्गांची बेरीज 17.25, अर्धी केली की 8.625. खऱ्या उत्तरापासून फक्त 0.04 दूर. तेवढ्याच पट्ट्यांत डावी बेरीज जवळजवळ 2 ने चुकते.

पट्ट्या आठ केल्या की डावी 7.6875 आणि उजवी 9.6875. दोघींमधलं अंतर 4 वरून 2 वर आलं. हे अंतर नेहमी `(f(b) − f(a)) × Δx` एवढंच असतं, इथे `8 × Δx`. पट्ट्या दुप्पट करूनही ते निम्मं झालं नाही तर कुठेतरी `Δx` बदलायचा राहिलाय. आठ पट्ट्या आणि रुंदी मात्र जुनीच 0.5, हे मी बऱ्याच वह्यांत पाहिलंय.

वक्र चढतो आणि मग उतरतो तेव्हा

आता जरा अवघड जागा. डावी आणि उजवी बेरीज मिळून खऱ्या उत्तराला मध्ये धरतात, हे फक्त वक्र सतत चढत किंवा सतत उतरत असेल तेव्हाच खरं. `x²` वर सराव केलेली मुलं हे विसरतात.

समजा वाळवंटीसारख्या नदीच्या पात्राचा आडवा छेद मोजायचाय. पाणी 12 मीटर रुंद, एका बाजूला उतार, दुसऱ्या बाजूला चिऱ्यांची भिंत. साकवावरून दर 2 मीटरवर खोली मोजली: 0, 0.4, 0.7, 1.1, 1.4, 1.5 आणि भिंतीपाशी 1.2 मीटर. डावी बेरीज `5.1 × 2 = 10.2`, उजवी `6.3 × 2 = 12.6` चौरस मीटर. इथे सातही खोल्या जोडल्या तरी 12.6 च येतात, कारण पहिली खोली शून्य आहे. म्हणजे पहिली चूक इथे लपून बसते. त्यामुळे आकडा जुळला एवढ्यावर विसंबू नका, पट्ट्या मोजा.

पण खरं क्षेत्रफळ 10.2 आणि 12.6 च्या मध्येच आहे असं इथे म्हणता येत नाही. खोली 10 मीटरपर्यंत वाढते आणि तिथून कमी होते. म्हणून छेद तिथे तोडा. पहिल्या पाच पट्ट्यांत डावी कड कमी देते, 7.2, आणि उजवी जास्त, 10.2. शेवटच्या पट्टीत उलट: डावी 3.0, उजवी 2.4. कमीत कमी झाले `7.2 + 2.4 = 9.6` आणि जास्तीत जास्त `10.2 + 3.0 = 13.2`. खात्रीची मर्यादा एवढी रुंद आहे, आणि तीही मधल्या जागी तळ एकाएकी खाली-वर होत नाही असं धरलं तरच.

भिंतीजवळ पाण्याने तळ कोरलेला असतो, म्हणून 11 मीटरवर आणखी एक खोली मोजली आणि ती 1.6 निघाली असं धरू. आता शेवटच्या दोन पट्ट्या 1 मीटरच्या झाल्या. इथे मुलं सगळं 2 ने गुणत राहतात: `6.7 × 2 = 13.4`. सात पट्ट्या, प्रत्येकी 2 मीटर, म्हणजे 14 मीटर रुंद पाणी, आणि आपण मोजलं होतं 12 मीटर. रुंदींची बेरीज करून पाहिली की ही चूक लगेच सापडते. बरोबर डावी बेरीज `3.6 × 2 + 1.5 × 1 + 1.6 × 1 = 10.3`. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडांची सरासरी उंची घेतली तर 11.65 चौरस मीटर येतात. ती नवीन खोली मोजली नसती तर याच पद्धतीने 11.4 आले असते. पाव चौरस मीटरचा हा फरक भिंतीच्या पायथ्याशी घेतलेल्या एका मापाने पडला. म्हणून मापं वाढवायची असतील तर ती अख्ख्या पात्रात सारखी वाटू नका, जिथे तळ वळतो तिथे घ्या.