बरगंडी खरी कशी दिसते, हे कसं तपासावं?

घरी बरगंडी लावली, केस धुतले आणि आरशात ते जवळजवळ काळेच दिसले, की पुष्कळजणींना वाटतं रंग चुकला. ओल्या केसांवरून कधीच ठरवू नका.

केसाच्या बाहेरच्या थरावर बारीक खवले असतात. केस कोरडा असला की त्यांच्या कडांवर उजेड विखुरतो आणि रंगात किंचित पांढरट झाक मिसळते. ओल्या केसात हे विखुरणं कमी होतं, जास्त उजेड आत शिरतो आणि तिथला रंग तो शोषून घेतो. शहाबादी फरशी पुसल्यावर काळपट होते, तसंच हे.

म्हणून आधी एका बटेवर पाहा. ॲलर्जीची चाचणी ४८ तास आधी झालेली असू द्या. कानामागची, थोडे पांढरे केस असलेली पातळ बट घ्या आणि पाकिटावर लिहिलेला पूर्ण वेळ रंग ठेवा. वाटीतलं मिश्रण हवेने काळं पडतं. त्यावरून अंदाज बांधू नका. मग बट धुवा, टॉवेलने टिपा आणि ड्रायरने मुळापर्यंत सुकवा. बोटांना जरा जरी गारवा लागला तरी ती अजून ओली आहे.

आता दिवसा खिडकीशी जा. थेट ऊन नको, भरपूर उजेड हवा. बटेमागे पांढरा कागद धरा. लाल भिंत किंवा रंगीत ओढणी जवळ असली तर तिची छटा केसांवर पडते. इथे दिसेल तो रंग खरा माना. मग तीच बट उन्हात आणि घरातल्या दिव्याखाली पाहा.

उन्हात बरगंडी पेटल्यासारखी लाल दिसेल. गडद केस बहुतेक उजेड गिळतात, त्यामुळे आतला लाल डोळ्यापर्यंत यायला प्रखर प्रकाशच लागतो. पिवळ्या बल्बच्या प्रकाशात लाल जास्त आणि निळा कमी असतो, म्हणून तिथे तांबूसपणा वाढतो आणि जांभळी झाक हरवते. साध्या ट्यूबलाइटच्या प्रकाशात गडद लाल भाग बहुधा कमी पडतो. तिथे तेच केस निस्तेज तपकिरी वाटतात. आरशाजवळचा दिवा बदलायचा असेल, तर खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते सांगणारा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेला घ्या.

खरी चूक ओळखायची खूण वेगळी आहे. खिडकीपाशी कोरड्या बटेतले पांढरे केस फिकट गुलाबी किंवा नारिंगी राहिले असतील, तर रंग पुरता चढलेला नाही; बहुतेक वेळा तो लवकर धुतलेला असतो. बट सगळीकडे सारखी गडद असेल आणि फक्त ट्यूबलाइटखाली काळी वाटत असेल, तर पुन्हा रंग लावू नका. थरावर थर चढले की टोकं खरोखरच काळी होतात, आणि काळा झालेला रंग नव्या रंगाने उजळत नाही.

शुद्ध मेहंदीला मात्र आणखी वेळ द्या. पहिल्या दिवशीचा नारिंगी रंग पुढच्या एक-दोन दिवसांत आपोआप गडद होतो, त्यामुळे खिडकीपाशी त्यानंतरच उभं राहा.